‘तेवढं नाव घाला की, दादा’: सहकाऱ्याला शिफारस नाकारताना या चुका टाळा

सातारा एमआयडीसीत एखाद्या कंपनीत क्वालिटीला जागा निघाली की बोर्डावर कागद लागायच्या आधीच बातमी कँटीनमध्ये पोचलेली असते. अंतर्गत भरती असल्यामुळे अर्ज कुणीही टाकू शकतो. पण अनेक कंपन्यांच्या फॉर्ममध्ये ‘शिफारस करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव’ असा रकाना असतो, आणि त्याखाली दोन प्रश्न: उमेदवाराला कसे ओळखता? त्याचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे का? पहिल्याचं उत्तर आपल्याकडे सगळ्यांना देता येतं. एक कोरेगावचा, एक त्याच्या शेजारच्या गावचा, रोज एकाच बसला. गाडी अडते ती दुसऱ्या प्रश्नावर.

एक उदाहरण घेऊ. ऑटो पार्ट बनवणारी मशीन शॉप, जागा सीएमएमच्या, म्हणजे पार्टची मापं बिंदू टेकवून अचूक घेणाऱ्या मशीनच्या, प्रोग्रामरची. डिस्पॅचमधला एक पोरगा चार वर्षं कामाला आहे, डिप्लोमा झालेला, आणि पुण्यात सीएमएमचा छोटा कोर्सही केलेला. तुम्ही टूलरूममध्ये आहात आणि क्वालिटी हेडचं तुमच्याशी चांगलं जमतं. जेवणाच्या सुट्टीत तो येतो, “दादा, अर्ज टाकलाय. साहेबांना तेवढं सांगा की.” मुलगा सज्जन, वेळेवर येणारा. पण त्याला पार्ट मोजताना तुम्ही कधीच पाहिलेलं नाही. इथून पुढे काय काय बिघडतं ते पाहू.

‘बघतो’ म्हणणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. आपल्याकडे ‘बघतो’ हा शिष्टाचार म्हणून नकार असतो, पण मागणाऱ्याला तो होकार वाटतो, कारण त्याला तसंच ऐकायचं असतं. तो घरी सांगतो, दुसऱ्या कुणाला विचारायचं थांबतो, आणि अर्जाची मुदत शुक्रवारी संपत असली तर गुरुवारी परत येतो. आता नाही म्हणालात तर नकाराचं दुःख वेगळं आणि चार दिवस फुकट गेल्याचा राग वेगळा. शक्यतो त्याच दिवशी सांगा, फार तर दुसऱ्या दिवशी. कँटीनच्या टेबलावर चौघांसमोर नको आणि व्हॉट्सॲपवरही नको. शिफ्ट सुटल्यावर गेटपर्यंत चालताना सांगितलेलं बरं पडतं.

खोटं कारण

‘एचआरनं शिफारसी बंद केल्यात’, ‘जागा आधीच ठरलीय’, ‘माझं आणि साहेबांचं सध्या पटत नाही’. असली कारणं मोठ्या शहरातल्या ऑफिसात कदाचित खपतील. इथे संध्याकाळी बसमध्ये एचआरचाच कुणीतरी शेजारी बसलेला असतो. शिवाय ‘जागा ठरलीय’ म्हटलं की तो अर्ज मागे घेऊ शकतो, म्हणजे तुमच्या सोयीसाठी त्याची संधी गेली. हे मला सगळ्यांत वाईट वाटतं.

‘तुला जमणार नाही’ म्हणणं

आता खरा मुद्दा. ‘मी तुझं हे काम पाहिलेलं नाही’ आणि ‘तुला हे काम येत नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि नकार देताना बहुतेक जण नकळत पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरतात. ‘अरे, सीएमएम म्हणजे खायचं काम नाही’, ‘डिस्पॅचमधून एकदम तिकडे कसं झेपेल?’ हे बोलायला तुमच्याकडे आधार काय? त्याला कदाचित उत्तम येत असेल. तुम्हाला माहीत नाही, एवढंच खरं आहे आणि तेवढंच बोलायचं. वाक्य साधारण असं होईल:

“भावा, तुझं डिस्पॅचचं काम मी बघतोय, त्याबद्दल कुणीही विचारलं तर मी चांगलंच सांगेन. पण सीएमएमवर तुला काम करताना मी कधी बघितलं नाही. म्हणून या जागेसाठी शिफारशीत माझं नाव देत नाही. अर्ज तुझा तू ठेव, तो थेटही चालतो.”

यात ‘देत नाही’ हे शब्द स्पष्ट आले पाहिजेत. ‘जरा अवघड वाटतंय’ म्हटलं की उद्या तीच चर्चा परत सुरू होते.

आपण खात्री देऊ शकतो की नाही हे ठरवायचं कसं? माझी कसोटी सोपी आहे: त्या कामातला एक तरी प्रसंग डोळ्यासमोर आणून सांगता येतो का? क्वालिटी हेड तुम्हाला विचारणारच. ड्रॉइंगवरून प्रोग्राम त्यानं स्वतः केलाय की तयार प्रोग्राम नुसता चालवलाय? ड्रॉइंगवर माप जिथून धरायचं म्हणून दिलेल्या डेटमप्रमाणे अलाइनमेंट घेतो का, म्हणजे पृष्ठभागाला तीन बिंदू, कडेला दोन आणि शेवटचा एक, ही ३-२-१ ची मांडणी का करतात हे त्याला समजतं का? मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असतं. मग मशीनवरून गरम उतरवलेला पार्ट लगेच टेबलावर चढवतो की थंड होऊ देतो? यातल्या एकाचंही उत्तर पाहिलेल्या प्रसंगातून देता येत नसेल, तर तुमच्याकडे शिफारस नाही, ओळख आहे.

तुम्हाला स्वतःला ते काम कळत असेल तर एक मार्ग उरतो. मुदतीला दिवस असतील आणि क्वालिटीवाल्यांची हरकत नसेल, तर त्याला एखाद्या सुट्या पार्टचं ड्रॉइंग देऊन ‘हे कसं मोजशील, सांग’ म्हणा. अर्ध्या तासात बरंच कळतं. पण त्यावरून लिहायचं तेही तेवढंच: ‘ड्रॉइंग नीट वाचतो, डेटम बरोबर ओळखले, प्रत्यक्ष प्रोग्रामिंग पाहिलेलं नाही.’ आणि तुम्हालाच सीएमएम येत नसेल तर ही परीक्षा घेऊ नका. आपल्याला न कळणाऱ्या कामात आत्मविश्वासानं बोलणारा माणूस नेहमीच हुशार वाटतो.

तोंडावर हो, मागून नाही

फॉर्मवर नाव द्यायचं आणि मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन ‘माझं नाव आहे, पण तुमचं तुम्ही बघा’ म्हणायचं. हा प्रकार अनुभवी लोकही करतात आणि त्याला व्यवहारज्ञान समजतात. अडचण अशी की अंतर्गत बदलीत दोघंही त्याच छताखाली राहतात. मुलाखतीत साहेब सहज बोलून जातात, ‘तुमच्या दादांनाच खात्री नव्हती’, आणि विषय संपतो. त्याच्या पाठीमागे जे बोलाल, ते त्याला आधी तोंडावर सांगितलेलं असू द्या. साहेबांचा फोन आलाच तर वाक्य तेच: “डिस्पॅचमध्ये चोख आहे. सीएमएमवरचं काम मी पाहिलेलं नाही, तुम्ही प्रॅक्टिकल घ्या.”

‘मुलगा चांगला आहे’ एवढंच मोघम बोलणंही याच जातीचं. तुम्ही स्वभावाबद्दल बोलता, ऐकणारा ते कामाबद्दल धरतो. कोणत्या गोष्टीबद्दल चांगला, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे.

आणि चुकीच्या शिफारशीचा पहिला फटका बहुतेकदा त्यालाच बसतो. नव्या विभागात काही महिने चाचणीचे असतात, तोवर डिस्पॅचमधल्या त्याच्या जागेवर दुसरा माणूस आलेला असतो. जमलं नाही तर परत जायला जागा राहीलच असं नाही.

नकारानंतर अडकलं तर

‘नुसतं नाव टाका, बाकी माझं मी बघतो’ असं तो म्हणेल. त्यावर सांगायचं की त्या रकान्यात नावाखालीच काम पाहिलं का असं विचारलंय, तिथं मी ‘नाही’ लिहिलं तर तुझं नुकसानच होईल. हे खरंच आहे. कोमट शिफारशीपेक्षा रकाना कोरा असलेला बरा.

‘मागच्या वेळी तुमच्या पाहुण्याचं केलंत की’ हा टोमणाही येतो. त्याचं काम तुम्ही दोन वर्षं शेजारच्या मशीनवर पाहिलं असेल तर तसं सांगा. नसेल पाहिलं, तर टोमणा बरोबर आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ‘तेव्हा केलं, आता करत नाही’ एवढं म्हणून थांबा.

निरोप घरातून फिरून आला तर जास्त जपा. त्याच्या चुलत्यांचा फोन येतो, किंवा हळदीकुंकवाला त्याची आई तुमच्या घरच्यांना विषय काढते. तिथं त्याच्या कामाबद्दल चांगलं-वाईट काहीही बोलू नका. “काका, मी त्याच्याशी बोललोय, तो सांगेल तुम्हाला.” त्यांना कारण सांगायला बसलात की ‘पाहिलं नाही’चं गावापर्यंत जाताना ‘येत नाही’ होतं.

त्यानं न विचारता तुमचं नाव आधीच भरलं असेल तर थेट एचआरकडे जाऊ नका. आधी त्याला सांगा, ‘आज नाव काढ.’ दुसऱ्या दिवशी तसंच दिसलं तर एचआरला दोन ओळींचा मेल पुरतो: ‘या अर्जात शिफारसकर्ता म्हणून माझे नाव आहे. उमेदवाराचे संबंधित काम मी पाहिलेले नसल्याने ते काढावे. त्याच्या पात्रतेबद्दल माझे कोणतेही प्रतिकूल मत नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर मेल तक्रारीसारखा वाचला जातो.

एक प्रकार यापेक्षा वेगळा: तुम्ही काम पाहिलंय आणि ते कच्चं आहे. तिथं ‘पाहिलेलं नाही’ म्हणणं खोटं ठरेल. स्वतःसमोर घडलेला एकच प्रसंग सांगा, “त्या दिवशी रिपोर्टमध्ये डेटम चुकला होता, आणि विचारल्यावर तुला तो का चुकला हे सांगता आलं नव्हतं, म्हणून मी नाव देत नाही.” दुसऱ्यांकडून ऐकलेलं त्यात घालू नका. ऐकून घेतलं तर ठीक, नाही घेतलं तरी वाद वाढवू नका.

बदल्यात काय द्यायचं

नकाराची भरपाई म्हणून ‘पुढच्या वेळी नक्की’ असं वचन देऊ नका. पुढच्या वेळीही काम पाहिलेलं नसेल तर काय करणार? देता येण्यासारख्या खऱ्या गोष्टी थोड्या आहेत. मुदत आणि अर्ज कुठे द्यायचा हे सांगा. त्याचं काम खरोखर कुणी पाहिलंय हे त्याच्याकडूनच काढून घ्या; आपल्या उदाहरणात कोर्समध्ये शिकवणारे सर आहेत, आणि कधी तिसऱ्या शिफ्टला त्यानं क्वालिटीच्या माणसाला हात दिला असेल तर तो माणूस आहे. त्यांचं एक वाक्य तुमच्या चार वाक्यांपेक्षा वजनदार. आणि डिस्पॅचच्या सुपरवायझरची संमती घेतलीय का, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी अंतर्गत अर्जाला ती लागते, आणि शिफारशीच्या मागे धावताना नेमकी तीच सही राहून जाते.