पुट्टी किती लागेल: पिशवीवरचा आकडा आणि भिंतीवरचा आकडा

डिप्लोमा झाल्यावर मी नाशिकला एका छोट्या बिल्डरकडे साइट सुपरवायझर म्हणून लागलो. गिलाव्यापर्यंतची कामं कॉलेजात शिकवलेली होती. रंगकामाचं सामान किती मागवायचं, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या फ्लॅटसाठी पुट्टीचा हिशोब करायला सांगितलं तेव्हा मी पिशवी उलटीपालटी करून वाचली. एका किलोला २० चौरस फूट, असं त्यावर छापलेलं होतं.

फ्लॅटचं क्षेत्रफळ, म्हणजे भिंती आणि छत मिळून, २१३० चौरस फूट भरलं. २० ने भागलं, १०६ किलो आले. पुट्टीचे दोन हात द्यायचे होते, म्हणून दोनने गुणलं. २१३ किलो, म्हणजे ४० किलोच्या सहा पिशव्या. काम झालं तेव्हा साधारण साडेचार पिशव्या लागल्या होत्या. उरलेला माल शेजारच्या फ्लॅटला गेला आणि माझा हिशोब बरोबर होता, असं मी धरून चाललो.

पुढच्या वर्षी पुण्याच्या एका साइटवर मायवन शटरिंगचं काम होतं. तिथे काँक्रीटच्या भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यातून इतक्या गुळगुळीत निघतात की वाळूचा गिलावा करतच नाहीत. सांध्यांवरचे उंचवटे घासले, साच्याचं तेल धुतलं की थेट पुट्टी. मी त्याच पद्धतीनं आठ फ्लॅटना ४० पिशव्या मागवल्या. प्रत्येक फ्लॅट २००० चौरस फुटांचा, म्हणून फ्लॅटला २०० किलो. लागल्या २२. अठरा पिशव्या तळमजल्याच्या गोदामात राहिल्या, पावसाळा आला, आणि श्रावणात उघडल्या तेव्हा निम्म्यांत गाठी झाल्या होत्या. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दमट हवेतली ओल शोषून घेते. गाठी चाळून वापरायचा मोह होतो, पण एकदा धरलेला माल भिंतीला नीट चिकटत नाही, तो टाकावाच लागतो.

तिथल्या वयस्कर पेंटर काकांनी मला पिशवी पुन्हा वाचायला लावली. "साहेब, हा आकडा दोन हातांचा आहे. तुम्ही पुन्हा दोननं का गुणलं?" बारीक अक्षरांत खरंच लिहिलं होतं: दोन कोट, आदर्श पृष्ठभाग. म्हणजे मी पहिल्या साइटवरही चूकच केली होती. तिथल्या भिंती वाळूच्या खरबरीत गिलाव्याच्या होत्या, त्यांना पिशवीवर छापल्यापेक्षा बरीच जास्त पुट्टी लागते. एक चूक आकडा वाढवत होती, दुसरी कमी दाखवत होती. दोघी एकमेकींना झाकत होत्या. गुळगुळीत भिंत आली आणि झाकण उडालं.

म्हणून नव्यानं या कामात येणाऱ्यानं पिशवीवर आधी दोन गोष्टी शोधाव्यात: हा आकडा किती हातांचा आहे, आणि कोणत्या भिंतीचा आहे. पहिली गोष्ट वाचून कळते. दुसरी वाचून कळत नाही, ती भिंतीवर करून बघावी लागते.

का, ते समजून घेतलं की सगळं सोपं होतं. एक किलो फक्कीत साधारण ३७० ते ४०० मिली पाणी घातलं की सुमारे पाऊण लिटर ओली पुट्टी होते. ती २० चौरस फुटांवर पसरली तर दोन्ही हात मिळून थराची जाडी जेमतेम ०.४ मिलिमीटर होते. म्हणजे 'किलोला २० फूट' याचा अर्थ 'भिंतीत अर्ध्या मिलिमीटरचेही खड्डे नसावेत' असा आहे. आपल्याकडच्या वाळूच्या गिलाव्यात दाणे आणि दाण्यांमधली भोकंच तेवढी असतात. सरासरी एक मिलिमीटर जाडी भरावी लागली तर एक किलो केवळ आठ चौरस फुटांना पुरतो. कव्हरेज हा पुट्टीचा गुण कमी आणि भिंतीचा जास्त आहे.

आता मी प्रत्येक नव्या साइटवर एक नमुना लावून बघतो. त्याला दोन दिवस लागतात आणि तीन किलो पुट्टी. नाशिकच्याच एका नंतरच्या कामात, वाळूच्या स्पंज फिनिश गिलाव्यावर, तो असा केला.

भिंतीची सैल वाळू पत्र्यानं खरवडून काढली, झाडली आणि पाणी मारलं. हे पाणी विसरू नये. कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी ओढून घेते. मग पत्रा ओढला जात नाही, पेंटर थर जाड ठेवतो, आणि वाळल्यावर बोटाला पांढरी पूड लागते. वजनकाट्यावर बरोबर दोन किलो फक्की घेतली, पाऊण लिटर पाण्यात थोडी थोडी घालून कालवली, दहा मिनिटं मुरू दिली, पुन्हा कालवली. जो पेंटर पुढे काम करणार होता त्यालाच पहिला हात द्यायला लावला, कारण प्रत्येकाच्या मनगटाचा दाब वेगळा असतो. दोन किलो संपली तेव्हा टेप लावून मोजलं: ३६ चौरस फूट. दुसऱ्या दिवशी त्याच ३६ फुटांवर दुसरा हात दिला, त्याला एकच किलो लागली. पहिला हात भोकं भरतो, दुसरा फक्त पृष्ठभाग जुळवतो, म्हणून दोन्ही हातांना सारखी पुट्टी कधीच लागत नाही. एकूण तीन किलोत ३६ फूट, म्हणजे दोन हातांना किलोमागे १२ चौरस फूट. छताचा गिलावा चांगला घोटलेला होता, तिथे नमुन्यात १५ आले.

आता मोजमाप. एक खोली घेऊ: १२ फूट बाय १० फूट, उंची साडेनऊ. चार भिंतींचा घेर ४४ फूट, गुणिले ९.५ म्हणजे ४१८. तीन बाय सातचं दार २१, पाच बाय चारची खिडकी २०, दोन्ही वजा केले की ३७७. खिडकीच्या दोन बाजू आणि वरची कड यांनाही पुट्टी लागते; अर्धा फूट खोलीनं ते साडेसहा फूट होतात. त्यामुळे भिंती ३८३ आणि छत १२०, मिळून ५०३. आपल्याकडे रंगकामाचे दर ब्रासवर बोलतात, १०० चौरस फुटांचा एक ब्रास, तर ही खोली पाच ब्रास. इथे एक सांगून ठेवतो: ठेकेदाराच्या बिलाचं मोजमाप वेगळं असतं. त्यात छोट्या उघड्या जागा वजा न करण्याची पद्धत असते, जे मजुरीच्या हिशोबाला योग्यही आहे. सामान मागवताना मात्र खरं क्षेत्रफळच घ्यावं.

भिंतींना ३८३ भागिले १२, म्हणजे ३२ किलो. छताला १२० भागिले १५, म्हणजे ८ किलो. एकूण ४० किलो. योगायोगानं बरोबर एक पिशवी आली, पण खोलीखोलीला पिशव्या पूर्ण करत जाऊ नये. किलोतच बेरीज करत जावी आणि पिशव्या शेवटी एकदाच कराव्यात. या फ्लॅटच्या सगळ्या भिंती १६५० फूट होत्या, छतं ४८०. म्हणजे १३७.५ आणि ३२, मिळून १६९.५ किलो. घमेल्यात वाळून जाणारा आणि जमिनीवर पडणारा माल म्हणून पाच टक्के धरले, १७८ किलो झाले. ४० च्या चार पिशव्या आणि २० ची एक. घासताना उडणारी पूड मी वेगळी धरत नाही. नमुन्यात लावलेली पुट्टी मोजली आहे, त्यातच ती आली.

नमुन्याचा आकडा दहाच्या खाली आला तर पुट्टी वाढवण्याआधी भिंत तपासावी. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीला लावा आणि मागून बॅटरी धरा. पट्टीखालून तीन मिलिमीटरची फट दिसत असेल तर तो पुट्टीचा प्रश्नच नाही, गिलाव्याचा आहे. साध्या पुट्टीची दोन्ही हातांची मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या पुढे नेऊ नये. नेली की आधी केसासारख्या बारीक चिरा येतात आणि एखाद्या पावसाळ्यानंतर पापुद्रा सुटतो. अशा जागा आधी गिलाव्यानं किंवा जाड भरणाच्या पुट्टीनं सारख्या करून घ्याव्यात. पेंटर नको म्हणेल, कारण त्याला एकाच मालात काम उरकायचं असतं. तिथे सुपरवायझरनं ठाम राहावं.

प्रायमरचा हिशोब सोपा आहे, पण तिथे लोक वेगळ्या ठिकाणी अडखळतात. पुट्टी किलोत येते, प्रायमर लिटरमध्ये, आणि त्याच्या डब्यावरचा आकडा सहसा एका हाताचा असतो. पुट्टीच्या सवयीनं त्याला दोन हातांचा समजलं तर निम्माच माल येतो. आमच्या पाण्याच्या प्रायमरच्या डब्यावर लिटरला १२० चौरस फूट लिहिलं होतं. घासून पुसलेल्या पुट्टीची भिंत सगळीकडे सारखी असते, म्हणून इथे डब्यावरचा आकडा बराचसा खरा ठरतो. २१३० भागिले १२०, पावणेअठरा लिटर, म्हणून २० लिटरचा एक ड्रम.

प्रायमरमध्ये पाणी घालतात, काही डब्यांवर तर जवळपास निम्म्यास निम्मं सांगितलेलं असतं. एका शिकाऊ मुलानं माझ्यासमोर हिशोब मांडला होता: अठरा लिटर लागतात, निम्मं पाणी, मग नऊच लिटर आणू. त्याला डबा दाखवला. १२० चा आकडा पाणी घालण्याआधीच्या प्रायमरचा होता. तुमच्या डब्यावर तो कशाचा आहे, हे वाचूनच ठरवा. प्रायमर फार पातळ झालं की लगेच कळत नाही. वाळल्यावर तळहात भिंतीवरून फिरवा. हात पांढरा झाला तर पूड बांधली गेलेली नाही, आणि रंगाचा रोलर फिरवताना तीच पूड रंगासकट उचलली जाईल. तशा भिंतीला रंग देण्याआधी पुसून पुन्हा एक हात प्रायमर द्यावं लागतं.

त्या फ्लॅटचं काम संपल्यावर मी रिकाम्या पिशव्या मोजल्या. २० च्या पिशवीत चार किलो उरली होती, म्हणजे १७६ लागली. २१३० भागिले १७६, नासाडीसकट किलोमागे १२.१. हा आकडा, गिलावा करणाऱ्या टोळीचं नाव आणि पेंटरचं नाव, तिन्ही मी वहीत एकाच ओळीत लिहितो. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गिलाव्याची टोळी बदलली होती. तिथे मी १२.१ धरला नाही, पुन्हा तीन किलो कालवून नमुना लावला. १०.५ आला.