एका एसएमएसमध्ये पंपाची थरथर: थोड्या, विखुरलेल्या नमुन्यांतून फ्रिक्वेन्सी कशा ओळखाव्यात

वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागांत विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप घरापासून लांब असतो. थ्री फेजची लाइन पुष्कळदा रात्री येते. इंटरनेटचा भरवसा नसतो, पण एसएमएस मात्र पोचतो. इंपेलर झिजतोय का, शाफ्ट हलतोय का, हे घरी बसून कळायला पंपाच्या थरथरीतल्या फ्रिक्वेन्सी हव्यात. त्या एका एसएमएसएवढ्या माहितीतून कशा काढायच्या, ते इथे पाहू.

आधी अडचण समजून घ्या

२८८० आरपीएमचा पंप सेकंदाला ४८ फेरे घेतो, म्हणून थरथरीत ४८ हर्ट्झ असणारच. मोटरच्या चुंबकीय ओढीमुळे वीजपुरवठ्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ दिसतात. इंपेलरला सहा पाती असतील तर ६ × ४८ = २८८ हर्ट्झही असतात. आपल्याला ५०० हर्ट्झपर्यंत पाहायचं आहे. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा नेहमीचा नियम सांगतो, की सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घ्या. म्हणजे सेकंदाला किमान १०००. एका नमुन्याला दोन अक्षरं धरली तर २००० अक्षरं होतात. एका एसएमएसमध्ये मावतात १६०.

मग सरळ सेकंदाला ६० नमुने, समान अंतराने घेतले तर? दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात ४८ हर्ट्झची लाट ०.८ फेरा पुरा करते आणि २८८ हर्ट्झची ४.८ फेरे. पूर्ण फेरे नमुन्याला दिसत नाहीत, उरतो तो दोघींचाही ०.८ फेरा. शाफ्ट आणि इंपेलर एकाच जागी येऊन बसले, आता कितीही गणित केलं तरी ते वेगळे होणार नाहीत.

या चुकीला जबाबदार आहे ते समान अंतर. नमुने वेडेवाकडे पसरले, तर ज्या दोन लाटा एका अंतरावर सारख्या दिसतात त्या दुसऱ्या अंतरावर फुटून वेगळ्या होतात. खोट्या फ्रिक्वेन्सीचं एक ठळक शिखर उभं राहण्याऐवजी तीच गडबड सगळीकडे हलक्या खरखरीसारखी पसरते, आणि तिच्यातून खरी शिखरं डोकं वर काढतात.

नियम खोटा ठरला असं मात्र नाही. तो ५०० हर्ट्झखालच्या *कुठल्याही* लहरीची हमी देतो. आपल्याला जास्तीची एक गोष्ट ठाऊक आहे: या थरथरीत मोजकेच सूर आहेत. तीन सूर म्हणजे प्रत्येकी फ्रिक्वेन्सी, जोर आणि कला मिळून नऊ अज्ञात. त्यासाठी हजार नमुने कशाला? कांदेस, रोम्बर्ग आणि ताओ यांनी, तसंच वेगळ्या वाटेने डोनोहो यांनी, २००६ मध्ये छापलेल्या शोधनिबंधांत याला पक्का गणिती आधार दिला.

नमुने घेणं

सेन्सर ॲनालॉग घ्या, उदाहरणार्थ एडीएक्सएल ३३५. त्याच्या तयार बोर्डावर बहुधा ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतात, आणि ते ५० हर्ट्झच्या वरचं दाबून टाकतात. ०.०१ चे लावा, म्हणजे मर्यादा ५०० हर्ट्झवर जाते. नमुने कमी घेतोय म्हणून सेन्सर संथ चालेल, हा गैरसमज इथे नडतो. नमुने थोडे असले तरी प्रत्येक नमुना झटक्यात घेतलेला हवा.

एक सेकंदाचे १ मिलिसेकंदाचे १००० कप्पे पाडा. त्यातले ७० कप्पे संगणकावर एकदाच यादृच्छिक निवडा आणि तीच यादी आर्डुइनो उनोच्या फ्लॅश मेमरीत टाका. यादी दोन्हीकडे असल्यामुळे वेळा पाठवायची गरज नाही. उनोचं वाचन ० ते १०२३ असतं, म्हणून ३२ चिन्हांच्या लिपीत दोन अक्षरांत ते नेमकं बसतं. ७० नमुन्यांची १४० अक्षरं झाली, वर पंपाच्या क्रमांकाला वीस उरली.

वेळ `delay()` ने नाही, `micros()` ने पाळा. काही वाचनांना १ मिलिसेकंद उशीर झाला तर त्यांच्यात २८८ हर्ट्झची लाट १०४ अंशांनी सरकलेली असते, आणि मग तो सूर सापडणं अवघड होतं. ४८ हर्ट्झवर तोच उशीर १७ अंशांचा, म्हणून तो सूर तरून जातो. खालचे सूर नीट येतात पण वरचे कायम हरवतात असं दिसलं, तर आधी घड्याळ तपासा.

सूर सोलून काढणं

७० पैकी ६० नमुने हिशेबाला वापरा, १० बाजूला ठेवा.

```python
import numpy as np

def peel(t, y, F, k):
    r, got = y - y.mean(), []
    for _ in range(k):
        s = [abs(np.sum(r*np.exp(-2j*np.pi*f*t))) for f in F]
        got.append(F[int(np.argmax(s))])
        A = np.column_stack([np.ones(len(t))] +
            [g(2*np.pi*f*t) for f in got for g in (np.cos, np.sin)])
        c = np.linalg.lstsq(A, y, rcond=None)[0]
        r = y - A @ c
    return got, c, r
```

`t` म्हणजे कप्प्याचा क्रमांक भागिले १०००, `y` म्हणजे वाचनं, `k` म्हणजे फेऱ्यांची संख्या, आणि `F` म्हणजे `np.arange(1, 500)`. `s` मध्ये प्रत्येक फ्रिक्वेन्सीला मिळालेले गुण असतात, आणि `r` म्हणजे सापडलेले सूर वजा करून जे उरतं ते.

समजा ४८ चा जोर १, १०० चा ०.६ आणि २८८ चा ०.३ आहे. पहिल्या फेरीत या तिघांचे गुण साधारण ३०, १८ आणि ९ येतात. पण पसरलेली खरखर एखाद्या चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर १५ च्या आसपासही जाते. म्हणजे २८८ तिच्याखाली पूर्ण गाडला गेलेला असतो. एकाच नजरेत तिन्ही शिखरं शोधू नका, ते याचसाठी. ४८ ची लाट नमुन्यांना बसवून वजा केली की तिच्यामुळे आलेली खरखरही जाते. आता चुकीच्या जागी गुण फार तर ९ च्या आसपास, आणि १०० स्पष्ट पुढे येतो. तोही काढला की खरखर ४ वर उतरते आणि ९ गुणांचा २८८ उघडा पडतो. प्रत्येक फेरीत आधी सापडलेल्या सगळ्या सुरांचा जोर नव्याने काढायचा असतो, `lstsq` ची ओळ तेवढ्यासाठी आहे.

किती फेऱ्या करायच्या ते राखून ठेवलेले १० नमुने सांगतील. नवा सूर घेतल्यावर त्या दहांचा अंदाज सुधारला तर तो सूर खरा. `r` लहान झाला पण दहांची चूक वाढली, तर तुम्ही खरखरीलाच सूर समजताय. मागे फिरा.

कुठे गाडी अडते

गावातलं व्होल्टेज पडलं की मोटरही मंदावते. ४८ चे ४७.६ झाले, की पूर्णांकांच्या `F` मध्ये ते बसत नाही आणि ४७, ४८, ४९ असे शेजारी-शेजारी सूर निघू लागतात. असा पुंजका दिसला की त्या भागात `F` ०.१ च्या पायरीने घ्या आणि पुंजक्याऐवजी एकच सूर बसवा.

सूर सात-आठच्या पुढे गेले की ६० नमुने पुरत नाहीत, मग दोन एसएमएस पाठवावेत. ईएसपी३२ सारखी मोठी चिप असेल तर खरं म्हणजे हा खटाटोप नको. तिथेच १००० नमुने घेऊन तिथेच फ्रिक्वेन्सी काढाव्यात. उनोच्या २ केबी रॅममध्ये मात्र १००० नमुने ठेवले तर दुसऱ्या कशालाच जागा उरत नाही.

मे महिन्यात विहिरीचं पाणी फुटव्हॉल्व्हपर्यंत उतरतं आणि पंप हवा ओढू लागतो. तेव्हाची खडखड सगळ्या फ्रिक्वेन्सींवर सांडलेली असते, तिच्यात मोजके सूर नसतातच. कितीही फेऱ्या केल्या तरी राखलेल्या दहांची चूक हटत नाही. अशा वेळी आलेले आकडे फेकून द्या आणि आधी मोटर बंद करा.