जुन्या फेरफाराचं इंग्रजी करताना या चुका टाळा

जुने फेरफार आणि सातबारे इंग्रजीत आणून देणाऱ्या नवख्यांचे मसुदे मी तपासतो. तीच ती चूक पाहून आता डोकं उठतं: ‘आणे’ दिसला की हात सरळ पैशाकडे जातो.

परदेशात राहणाऱ्या एका कुटुंबासाठी 1930च्या दशकातला वारसाचा फेरफार आला होता. जमीन साडेसहा एकर, आकार म्हणजे जमिनीचा सरकारी सारा 5 रुपये 4 आणे. खाली तीन नावं, चुलत्यापुढे 8 आणे आणि दोघा पुतण्यांपुढे 4-4. आमच्या भाषांतरकाराने लिहिलं, पुतण्याने चार आणे भरले. वाक्य इंग्रजीत सुरेख वाचत होतं, म्हणूनच कुणाला शंका आली नाही. मी बेरीज केली: 8, 4, 4, म्हणजे 16. सोळा आणे म्हणजे पूर्ण मालकी, आणि चार आणे म्हणजे पाव हिस्सा. पुतण्यापुढे क्षेत्र 1-25 आणि आकार 1-5-0 होता, तोही बरोबर पाव. साडेसहा एकरांचे 260 गुंठे, त्याचे पाव 65, म्हणजे 1 एकर 25 गुंठे. आकाराचे 84 आणे, त्याचे पाव 21, म्हणजे 1 रुपया 5 आणे.

पुढची गंमत म्हणजे त्याच मसुद्यात 1-25चं 1.25 एकर झालं होतं. एकराला 40 गुंठे असतात, म्हणजे ते 1.625 एकर. एका टिंबाने पुतण्याचे पंधरा गुंठे गेले!

आणा क्षेत्रातही येतो. गुंठ्याचे सोळा आणे धरतात, म्हणून क्षेत्राच्या रकान्यात 0-2-8 म्हणजे अडीच गुंठे, तर आकाराच्या रकान्यात तेच दोन आणे आठ पै. म्हणून मी आकडा वाचण्याआधी रकान्याचा मथळा वाचतो, आणि भाषांतरात आणे-गुंठे तसेच ठेवून अर्थ शेजारी देतो. ‘वाचणाऱ्याला सोपं जावं’ म्हणून परस्पर दशांशात बदलणं मला अजिबात खपत नाही.

दुसरी चूक ‘ए.कु.मॅ.’ची. एकाने ही नावाची आद्याक्षरं समजून ई. के. एम. केली. खरं तर ते ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. नाव थोरल्या भावाचं असलं, तरी नोंद तो कुटुंबातर्फे करतो आहे. ही तीन अक्षरं गेली की कागदावर तो एकटा मालक दिसतो आणि बाकीच्या भावंडांचा मागच पुसला जातो. पूर्ण लिहा, जागा खाल्ली तर खाऊ दे.

पोटखराब म्हणजे त्याच सर्व्हे नंबरातली लागवडीस न येणारी जमीन. पोटाचा त्यात काही संबंध नाही.

खंड म्हणजे कुळाने मालकाला द्यायचा मोबदला. आणि कुळ म्हणजे घराणं नव्हे, दुसऱ्याची जमीन कसणारा. ‘इतर हक्क’ रकान्यातल्या कुळाचं इंग्रजीत ‘क्लॅन’ केलेलं मी दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा शब्दकोश उघडाच होता.