ब्रिज मोड मागताय? इंटरनेट कंपनीला मेल लिहिताना या चुका टाळा

मित्राच्या लॉबीत शिरता येत नाही, पार्टी चॅटमध्ये एकाचा आवाज येतो तर दुसऱ्याचा येत नाही, आणि कन्सोलच्या नेटवर्क टेस्टमध्ये ‘NAT Type: Strict’ दिसतं. मग कुठेतरी वाचलेलं असतं म्हणून आपण कंपनीला एका ओळीचा मेल टाकतो: ‘गेमिंगसाठी ब्रिज मोड चालू करून द्या.’ कंपनी तो करूनही देते. कधी कधी तेवढ्यावर भागतं, पण अनेकदा दुसऱ्या दिवशी कन्सोलवर तेच ‘Strict’ असतं. कंपनीने फसवलेलं नसतं. आपणच चुकीची गोष्ट मागितलेली असते.

पहिली चूक: अडथळा कुठे आहे हे न बघता मेल लिहिणं

मित्राचा कन्सोल तुमच्या कन्सोलशी थेट बोलू पाहतो तेव्हा बाहेरून आत येणारा डेटा नेमका कोणाचा, हे वाटेतल्या राउटरला कळावं लागतं. घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच पत्त्यामागून इंटरनेटवर नेणं म्हणजे नॅट. तो करणाऱ्या राउटरला आतून बाहेर गेलेल्या गोष्टी आठवतात. न विचारता आत आलेलं काही दिसलं की तो ते टाकून देतो. असा नॅट दोन ठिकाणी होऊ शकतो. एक तुमच्या घरात: कंपनीचा मोडेम आणि त्याला जोडलेला तुमचा राउटर, दोघेही नॅट करत असतील तर तो डबल नॅट. दुसरा कंपनीकडे: आयपीव्ही-४ पत्ते अपुरे असल्यामुळे एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो, तो सीजीनॅट.

ब्रिज मोडमुळे फक्त घरातला, मोडेममधला नॅट बंद होतो. कंपनीकडचा नॅट त्याने हलतसुद्धा नाही. त्यासाठी पब्लिक आयपी मागावा लागतो.

कुठला अडथळा आहे ते पत्ते बघून कळतं. मोडेमच्या आणि स्वतःचा राउटर असल्यास त्याच्याही स्टेटस पानावर ‘WAN IP’, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, काय आहे ते बघा, आणि ‘what is my ip’ शोधून वेबसाइटला तुमचा पत्ता काय दिसतो तेही बघा. समजा घरात असं चित्र आहे:

```
माझ्या राउटरचा WAN IP   192.168.1.5
मोडेमचा WAN IP          100.78.14.6
वेबसाइटवर दिसणारा IP     203.0.113.24
```

पहिल्या ओळीतला 192.168 ने सुरू होणारा पत्ता खासगी आहे, म्हणजे राउटर मोडेमच्या नॅटमागे बसलाय. दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते 2012 साली खास सीजीनॅटसाठी राखून ठेवले गेले. मोडेमच्या WAN वर यातला पत्ता दिसला की पुढे शंका उरत नाही. तिथे 10 ने किंवा 172.16 ते 172.31 ने सुरू होणारा पत्ता असेल आणि मोडेमच्या आधी तुमचं दुसरं कुठलंही उपकरण नसेल, तरी अर्थ तोच. मोडेमचा पत्ता आणि वेबसाइटवरचा पत्ता एकच असेल तर सीजीनॅट नाही. मग पब्लिक आयपीचे पैसे भरू नका, दोष घरातच आहे.

काही जण पुरावा म्हणून, डेटा कुठल्या राउटरमधून गेला ते दाखवणाऱ्या `tracert` चं चित्र जोडतात आणि त्यातल्या 10 च्या पत्त्यावर बोट ठेवतात. तो पुरावा कच्चा आहे. कंपन्या आपल्या आतल्या राउटरना तसे पत्ते सर्रास देतात, मग ग्राहकाला पब्लिक आयपी असो वा नसो. तंत्रज्ञ ते चित्र बघून तुमचं बाकीचं म्हणणंही सोडून देईल.

आता या उदाहरणात नुसता ब्रिज मोड मिळाला तर काय होईल? मोडेम बाजूला होईल, राउटरच्या WAN वर 100.78 चा पत्ता येईल आणि ‘Strict’ तसाच राहील. आणि घरातला डबल नॅट काढायला मेलचीही गरज नाही. तुमचा राउटर ‘Access Point’ मोडवर टाका, नॅट एकटा मोडेम करेल. माझं मत विचाराल तर ब्रिज मोड तेव्हाच मागावा, जेव्हा कन्सोलला लागणारे पोर्ट आपोआप उघडणारं यूपीएनपी मोडेममध्ये नीट चालत नाही किंवा ते हाताने उघडण्याच्या, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंगच्या सेटिंगला कंपनीने कुलूप लावलंय.

दुसरी चूक: ‘लॅग होतोय, पिंग जास्त आहे’ असं लिहिणं

हे शब्द दिसले की तक्रार वेगाच्या खात्यात जाते. ते स्पीड टेस्ट करायला सांगतात, आकडा बरोबर येतो आणि तिकीट बंद होतं. शिवाय पब्लिक आयपीने पिंग कमी होईल ही अपेक्षाच चुकीची आहे. पॅकेट त्याच केबलने, जवळपास त्याच रस्त्याने जातात. सुटतो तो जोडणीचा प्रश्न. म्हणून मेलमध्ये लक्षण आणि पत्ते लिहा:

> विषय: सीजीनॅट काढून पब्लिक आयपीव्ही-४ पत्ता मिळण्याबाबत
>
> माझ्या मोडेमच्या WAN वर 100.78.14.6 हा पत्ता दिसतो, तर बाहेर 203.0.113.24 दिसतो. म्हणजे कनेक्शन सीजीनॅटमागे आहे. कन्सोलवर NAT Type: Strict येतो आणि बाहेरून येणाऱ्या जोडण्या लागत नाहीत. वेगाबद्दल तक्रार नाही.
>
> कृपया मला पब्लिक आयपीव्ही-४ पत्ता द्यावा. तो बदलता असला तरी चालेल. त्यासाठी वेगळं शुल्क असल्यास आधी कळवावं. विनंती नेटवर्क विभागाकडे पाठवावी.

ग्राहक क्रमांक टाका, पण लॉगिनचा पासवर्ड लिहू नका. स्क्रीनशॉट जोडताना त्यात तो दिसत नाही ना, हेही बघा.

तिसरी चूक: ‘स्टॅटिक आयपी’ मागणं

स्टॅटिक म्हणजे न बदलणारा पत्ता. घरी सर्व्हर चालवणाऱ्याला तो लागतो. गेमिंगला पत्ता पब्लिक असला की पुरे, रोज बदलला तरी कन्सोलला फरक पडत नाही. पण बऱ्याच कंपन्यांकडे वेगळे पैसे घेऊन फक्त स्टॅटिकच विकतात, म्हणून मेलमध्ये ‘बदलता चालेल’ हे वाक्य हवंच. पब्लिक आयपी देतच नाही म्हणाले तर कनेक्शनवर आयपीव्ही-६ चालू करता येईल का ते विचारा. गेम आणि समोरचा खेळाडू दोघांकडे आयपीव्ही-६ असेल तर सीजीनॅट वाटेत येत नाही, नसेल तर उपयोग नाही.

चौथी चूक: तयारीविना ब्रिज मोड करून घेणं

ब्रिज झाल्यावर मोडेम लॉगिन करत नाही, ते काम तुमच्या राउटरवर येतं. कनेक्शन पीपीपीओई, म्हणजे लॉगिन करून चालणारं असेल तर त्याचं युजरनेम, पासवर्ड आणि लागत असल्यास व्हीलॅन क्रमांक आधीच मागून घ्या. नाहीतर मोड बदलला त्या क्षणी इंटरनेट बंद, आणि कंपनीला मेल करायलाही इंटरनेट नाही. मोडेमला लँडलाइन फोन किंवा टीव्ही बॉक्स जोडलेला असेल तर ब्रिजनंतर तो चालेल का, हे लेखी विचारा.

काम झाल्यावर

‘पब्लिक आयपी दिलाय’ असं उत्तर आलं की मोडेम बंद करून पुन्हा चालू करा. जुनं सेशन तुटल्याशिवाय नवा पत्ता सहसा मिळत नाही, आणि इथेच लोक घाईने दुसरी तक्रार करतात. WAN चा पत्ता आणि वेबसाइटवरचा पत्ता आता जुळले पाहिजेत. जुळूनही नॅट सैल होत नसेल तर राहिलेलं काम घरातलं आहे: जो एकच राउटर नॅट करतोय त्यावर यूपीएनपी चालू करा, आधी हाताने टाकलेले पोर्टचे नियम काढून टाका आणि कन्सोल पूर्ण बंद करून चालू करा. एक्सबॉक्सचा नेहमीचा पोर्ट UDP 3074. तो जुन्या नियमाने दुसऱ्याच उपकरणाकडे वळवलेला असेल तर नॅट ‘Open’ होत नाही.

त्याच वेळी राउटरचं ‘Remote Management’ बंद करा आणि ॲडमिन पासवर्ड बदला. सीजीनॅटमागे असताना बाहेरच्या कोणाला ते पान दिसत नव्हतं, आता दिसू शकतं.