वजन उतरवताना अंड्यातलं पिवळं टाकावं का?

सगळं पिवळं टाकू नका. एका मोठ्या अंड्यात सुमारे ७० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं असतात. नुसत्या पांढऱ्यात १७ कॅलरी आणि साडेतीन ग्रॅम प्रथिनं. पण ड जीवनसत्त्व आणि कोलीन पिवळ्यातच असतं, शिवाय त्यातल्या स्निग्धांशामुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

म्हणून चार अख्ख्या अंड्यांऐवजी दोन अख्खी आणि तीन पांढरी घ्या. प्रथिनं जवळपास तेवढीच मिळतात, कॅलरी मात्र २८० वरून १९० वर येतात. ही बचत तव्यावरच्या एक मोठा चमचा तेलात सहज बुडते, तेव्हा अंडी उकडूनच खा.

निरोगी माणसाला रोज एक-दोन अख्खी अंडी चालतात. मधुमेह असेल किंवा एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, तर पिवळ्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.