अपवादांच्या गठ्ठ्यातून नियम काढा

घरून काम करण्याच्या धोरणात ‘मॅनेजरच्या विवेकानुसार’ हे शब्द किती वेळा येतात, ते आधी मोजा. बहुतेक वेळा तिथे नियम लिहायचा राहून गेलेला असतो.

मग गेल्या ६ महिन्यांत दिलेल्या सवलतींचे ईमेल काढा आणि कारणांनुसार गठ्ठे करा. समजा, २० पैकी ११ जणांनी घरातल्या आजारपणाचं कारण दिलंय. मग तो अपवाद कसला? तो नियम म्हणूनच लिहा: ‘प्रोबेशन संपलेल्या कर्मचाऱ्याला घरच्या आजारी माणसाच्या देखभालीसाठी आठवड्याला ३ दिवस, जास्तीत जास्त ३ महिने घरून काम करता येईल. अर्ज थेट वरिष्ठाकडे करावा. उत्तर ३ कामकाजी दिवसांत मिळेल. नकाराचं कारण लेखी दिलं जाईल.’

पात्रता हुद्द्यावरून नको, कामावरून ठरवा. रिसेप्शन घरून सांभाळता येत नाही, हिशेब बहुतेकदा येतो.

उरलेली एकटीदुकटी प्रकरणं फक्त एचआर प्रमुखाकडे जावीत आणि प्रत्येक मंजुरीवर शेवटची तारीख हवीच. नाहीतर सवलत कायमची होऊन बसते.

शेवटी तेच ५ जुने अर्ज दोघांना नव्या नियमांनुसार स्वतंत्रपणे तपासायला द्या. नियमातल्या ज्या वाक्यावर दोघांची उत्तरं जुळली नाहीत, ते वाक्य पुन्हा लिहा.