तपासलेली उत्तरपत्रिका शिक्षकांसोबत पाहताना

बुजऱ्या विद्यार्थ्याने ‘गुण का कापले?’ असे विचारण्याऐवजी ‘माझी पहिली चुकीची ओळ कोणती?’ असे विचारावे, म्हणजे तक्रारीचा सूर उरत नाही आणि बोलणे थेट गणितावर येते.

“मॅडम, 3(x − 4) = 2x + 5 मध्ये माझी पहिली चुकीची ओळ कोणती?”

“दुसरी. तू 3x − 4 लिहिलेस. कंसाबाहेरच्या 3 ने 4 लाही गुणायला हवे होते.”

“म्हणजे 3x − 12. पण पुढच्या ओळी?”

“त्यांची रीत बरोबर आहे, म्हणून 4 पैकी 2 गुण दिले. तुझे x = 9 मूळ समीकरणात घालून पाहा.”

“डावीकडे 15, उजवीकडे 23.”

“आता 17 घाल.”

“दोन्हीकडे 39!”

त्या ओळीशेजारी तिथेच पेन्सिलीने ‘कंस’ एवढे लिहून ठेवावे, कारण घरी लाल रेघ दिसते, तिचे कारण मात्र आठवत नाही.